फोटोत घातांक किंवा अपूर्णांकाची रेघ कापली गेली असेल तर समीकरण कसं ओळखायचं?

प्रश्न: मैत्रिणीने छापील सरावपत्रिकेचे दोन फोटो पाठवले. पहिल्याची वरची कड कापली गेलीय. पहिलं गणित x − 5x + 4 = 0 एवढंच दिसतं, वर घातांक होते की नाही ते कळत नाही. दुसऱ्या फोटोची डावी कड गेलीय. तिथे 6, त्याखाली अर्धवट रेघ, रेघेखाली + 1 आणि पुढे = 2 असं दिसतं. पत्रिका आता तिच्याकडेही नाही. दोन्ही फोटो सोबत जोडलेत. समीकरणं नेमकी कोणती होती हे कसं ठरवायचं?

उत्तर: पहिलं समीकरण x⁴ − 5x² + 4 = 0 आहे आणि दुसरं 6/(x + 1) = 2. पहिल्याबद्दल मला पूर्ण खात्री आहे, दुसऱ्याबद्दल जवळजवळ पूर्ण. मी गणिताचे प्रश्नसंच शिकवते आणि छपाईपूर्वी तपासतेही. त्यामुळे अशा कापल्या गेलेल्या ओळी वाचायचं काम नेहमीच येतं. तुमच्या दोन्ही फोटोंत पुरेसा पुरावा आहे. तो कुठे आहे आणि कुठल्या क्रमाने बघायचा, ते सांगते.

आधी एक सोपी गोष्ट उरकून घ्या. चॅटमध्ये संदेशाच्या चौकटीत दिसतो तो फोटो बऱ्याचदा पूर्ण नसतो, चौकटीत बसवण्यासाठी कडेने छाटलेला असतो. त्यावर टॅप करून तो पूर्ण उघडा. तरीही कड गेलेलीच असेल, तर मैत्रिणीला विचारा की तिने फोटो पाठवण्यापूर्वी कापला होता का. अनेक फोनमध्ये कापलेला फोटो पुन्हा मूळ स्थितीत आणता येतो. कागद स्कॅन करणारी ॲप्स कागदाची कड स्वतःच ओळखून छाटतात आणि तिथे चुकतात, पण मूळ फोटो पुष्कळदा त्याच ॲपमध्ये राहिलेला असतो. हे सगळं करून काही हाती लागलं नाही, तरच पुढची मेहनत.

आता पहिलं गणित. गणिताआधी कागद बघायचा. पहिला प्रश्न हा, की घातांक असता तर तो या फोटोत दिसला असता का?

छापील गणितात घातांक कुठे बसतो याला ठराविक मापं असतात. लेटेक या गणित छापायच्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या १० पॉइंटच्या टंकात x ची उंची साधारण ४.३ पॉइंट असते, 5 किंवा 4 सारख्या अंकाची ६.४ पॉइंट. घातांक ७ पॉइंटच्या लहान टंकात येतो आणि स्वतंत्र ओळीत मांडलेल्या समीकरणात त्याचा पाया मूळ ओळीपासून साधारण ४.१ पॉइंट वर असतो. म्हणजे x चं डोकं जिथे संपतं, जवळपास तिथेच घातांकाचा पाया सुरू होतो. इतर सॉफ्टवेअरमध्ये आकडे थोडे वेगळे असतात, पण बैठक हीच.

यातून एक फार उपयोगी कसोटी मिळते. त्याच ओळीतल्या 5 कडे आणि 4 कडे बघा. त्यांची डोकी शाबूत असतील, तर फोटोची कड ६.४ पॉइंटच्या वर आहे. तेवढ्या जागेत घातांकाचा खालचा अर्धा भाग दिसायलाच हवा. तो दिसत नसेल तर घातांक नव्हताच, आणि शोध तिथेच संपला. पण अंकांची डोकी कापलेली असतील आणि x मात्र जेमतेम पूर्ण असेल, तर कड नेमकी घातांकाच्या पायाशी गेलीय आणि तो संपूर्ण नाहीसा झालेला असू शकतो.

तुमच्या फोटोत दुसरी परिस्थिती आहे. 5 ची वरची आडवी रेघ नाही, 4 चा वरचा टोकदार भाग नाही, x मात्र पूर्ण आहे. तेव्हा घातांक असू शकतात. होते का, हे आडव्या अंतरावरून कळतं.

घातांक कापला गेला तरी त्याने अडवलेली जागा कापली जात नाही. + किंवा − या चिन्हांच्या दोन्ही बाजूंना छपाईत सारखी मोकळी जागा सोडलेली असते, १० पॉइंटच्या टंकात सुमारे २.२ पॉइंट. x वर एक अंकी घातांक असेल तर x आणि पुढच्या चिन्हामधली मोकळी जागा त्या अंकाच्या रुंदीने वाढते. त्या लहान अंकाची रुंदी सुमारे ४ पॉइंट, वर अर्ध्या पॉइंटची सोड. म्हणजे चिन्हाच्या उजवीकडे २.२ आणि डावीकडे ६.७ पॉइंट, जवळपास तिप्पट. हे नुसत्या डोळ्यांनाही जाणवतं, पण मोजलेलं बरं. फोटो मोठा करून स्क्रीनवर पट्टी धरली तरी चालते. प्रत्यक्ष पॉइंट किती हे महत्त्वाचं नाही, एकाच चिन्हाच्या डाव्या आणि उजव्या जागेचं गुणोत्तर महत्त्वाचं.

मी तुमच्या फोटोवर मोजलं. उणे चिन्हाच्या उजवीकडे, म्हणजे 5 च्या आधी, जेवढी जागा आहे, त्याच्या साधारण तिप्पट जागा डावीकडे x नंतर आहे. अधिक चिन्हाचंही तेच, 4 च्या बाजूला कमी आणि 5x च्या बाजूला तिप्पट. म्हणजे दोन्ही x वर एकेक घातांक होता आणि दोन्ही एक अंकी होते. दोन अंकी घातांक असता तर जागा पाचपटीच्या जवळ गेली असती. 4 आणि = यांच्यामधलं अंतर मात्र या तुलनेत घेऊ नका, कारण बरोबर चिन्हाभोवती मुळातच थोडी जास्त जागा सोडतात.

ही मोजणी कुठे फसते तेही सांगायला हवं. फोटो तिरका असेल तर कागदाची एक बाजू दाबली जाते, म्हणून पानाच्या दोन टोकांची अंतरं एकमेकांशी ताडून बघू नयेत. एकाच चिन्हाच्या दोन बाजू इतक्या जवळ असतात की तिरकेपणाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. परिच्छेदात, मजकुराच्या ओघात आलेलं समीकरण असेल तर ओळ दोन्ही कडांना भिडवण्यासाठी मोकळ्या जागा ताणल्या किंवा आवळल्या जातात. तिथेही एका ओळीत ताण सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे डावी-उजवी तुलना टिकते. हस्ताक्षरात मात्र ही पद्धत दुबळी पडते. तिथे त्याच व्यक्तीच्या, घातांक स्पष्ट दिसणाऱ्या दुसऱ्या ओळी शोधाव्या लागतात आणि ती घातांकासाठी किती जागा सोडते हे त्या ओळींवरून ठरवावं लागतं.

तर कागदाने एवढं सांगितलं: समीकरण xᵐ − 5xⁿ + 4 = 0 या रूपाचं आहे, आणि m, n हे एक अंकी आहेत. इथे एक मोह फार जबरदस्त असतो. ही ओळ बघताच नव्वद टक्के लोक म्हणतील की हे तर x² − 5x + 4 = 0, ओळखीचं वर्गसमीकरण, अवयव (x − 1)(x − 4), मुळं 1 आणि 4, झालं. पण 5x नंतरची ती तिप्पट जागा या वाचनात बसतच नाही. उत्तर सुबक येतंय म्हणून वाचन बरोबर, हा तर्क फार कच्चा आहे. x⁶ − 5x³ + 4 चेही अवयव सहज पडतात, (x³ − 1)(x³ − 4). x³ − 5x² + 4 चेही पडतात, (x − 1)(x² − 4x − 4). सुबकपणाच्या जोरावर यातलं एक निवडणं म्हणजे नुसता अंदाज आहे.

आता फोटोच्या तळाशी या. तिथे उत्तरांची ओळ आहे आणि तिच्या सुरुवातीवर फोटो काढणाऱ्याचं बोट आलंय. बोटाच्या पुढे स्वल्पविराम, मग 1, 2 आणि त्यानंतर दुसऱ्या गणिताचा फक्त क्रमांक दिसतो. म्हणजे 1 आणि 2 ही पहिल्याच गणिताच्या उत्तरातली शेवटची दोन मुळं. 1 च्या लगेच आधी स्वल्पविराम आहे, म्हणजे त्याला उणे चिन्ह चिकटलेलं नाही, हेही पक्कं.

मुळं समीकरणात ठेवून पडताळा घ्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं. पण कापलेल्या घातांकाच्या बाबतीत कुठलं मूळ काय सांगतं, यात मोठा फरक आहे.

x = 1 ठेवा. 1 चा कुठलाही घात 1 च. म्हणून समीकरण होतं 1 − 5 + 4 = 0, आणि ते m, n काहीही असले तरी खरंच येतं. वर जी तीन-चार वाचनं दिली त्या सगळ्यांचं 1 हे मूळ आहे. घातांकाबद्दल 1 काहीही बोलत नाही. उत्तरात 1 आहे आणि माझ्या समीकरणालाही 1 येतंय, म्हणजे माझं वाचन बरोबर, असं म्हणून पुष्कळ जण इथेच थांबतात.

तरी 1 ठेवणं वाया जात नाही. घातांक बाजूला सारून ते फक्त सहगुणक तपासतं, आणि सहगुणकांची तपासणी आपल्याला हवीच आहे, कारण त्या अंकांचीही डोकी गेलेली आहेत. डोकं गेलेला 5 आणि डोकं गेलेला 3 खालून सारखेच दिसतात, दोघांचाही खालचा भाग म्हणजे उजवीकडे फुगलेलं अर्धवर्तुळ. शेवटचा अंक 4 आहे याची खात्री मात्र देता येते. त्याचा उभा दांडा आणि आडवी रेघ खालच्या भागातच असतात, तसा पाया दुसऱ्या कुठल्याच अंकाचा नसतो. आता शेवटी 4 आहे आणि 1 हे मूळ आहे, तर मधला सहगुणक 1 + 4, म्हणजे 5 च असायला हवा. 3 असता तर 1 − 3 + 4 हे 2 आलं असतं. कापलेला 5 असा गणितानेच पक्का होतो.

हे करणं का गरजेचं होतं बघा. मधला अंक 3 आणि शेवटचा 2 असता, तर x² − 3x + 2 = 0 या समीकरणाची मुळं नेमकी 1 आणि 2 च आली असती. उत्तराच्या दिसणाऱ्या भागाशी ते तंतोतंत जुळलं असतं. ते वाचन दोन गोष्टी बाद करतात: शेवटच्या अंकाखाली 2 चा सपाट पाया नाही, दांडा आहे, आणि मधल्या x नंतर घातांकाची जागा आहे.

आता x = 2 ठेवा. 2ᵐ − 5·2ⁿ + 4 = 0, म्हणजे 2ᵐ = 5·2ⁿ − 4. डावीकडे 2 चा घात आहे, तर उजवीकडेही 2 चा घातच यायला हवा. n = 1 घेतलं तर उजवीकडे 6, तो 2 चा घात नाही. n = 2 घेतलं तर 16, म्हणजे m = 4. n = 3 घेतलं तर 36, जमत नाही. n = 4 ला 76, जमत नाही. त्यापुढे प्रत्येक वेळी उजवी बाजू 4 गुणिले एक विषम संख्या अशी येते, कारण 5·2ⁿ − 4 = 4(5·2ⁿ⁻² − 1) आणि n तीन किंवा जास्त असेल तर कंसातली संख्या विषम आणि 1 पेक्षा मोठी असते. ती 2 चा घात कधीच होणार नाही. म्हणजे सगळ्या धन घातांकांमध्ये एकच जोडी उरते, m = 4, n = 2. दोन्ही हरवलेले घातांक या एकट्या मुळाने परत दिले.

बोटाखाली काय दडलंय याचाही मेळ बसतो. x⁴ − 5x² + 4 = (x² − 1)(x² − 4), मुळं −2, −1, 1, 2. चढत्या क्रमाने लिहिली तर 1 च्या आधी दोन ऋण मुळं आणि मग स्वल्पविराम येतो, जसा दिसतोय तसाच.

समजा 2 ऐवजी −1 तेवढं दिसत असतं, तर? −1 चा सम घात 1 आणि विषम घात −1. दोन्ही घातांक सम असतील तर 1 − 5 + 4 = 0 येतं. बाकी तिन्ही प्रकारांत 8, 10 किंवा −2 येतं, शून्य येत नाही. म्हणजे −1 वरून घातांक सम की विषम एवढं कळतं, किती ते कळत नाही. x⁴ − 5x² + 4 आणि x⁸ − 5x⁴ + 4 ही दोन्ही तेव्हा मैदानात राहिली असती. आणि 0 हे मूळ असेल तर तेही घातांकाबद्दल गप्पच राहतं, फक्त स्थिरपद नाही एवढंच सांगतं. म्हणून उत्तरांच्या ओळीतून पडताळ्यासाठी मूळ निवडताना 0, 1 आणि −1 सोडून एखादं शोधा. तेच खरं काम करतं.

आता दुसरा फोटो. इथे घातांकापेक्षा जास्त धोका आहे, कारण अपूर्णांकाच्या रेघेचं डावं टोक गेलंय आणि त्याबरोबर छेदाची सुरुवातही. छेद x + 1 असू शकतो, 2x + 1 असू शकतो, x² + 1 असू शकतो, आणि तिन्हींची उत्तरं वेगळी. 6/(x + 1) = 2 ला x = 2. 6/(2x + 1) = 2 ला x = 1. 6/(x² + 1) = 2 ला x² = 2, म्हणजे ±√2. पुन्हा तेच, तिन्ही सुबक.

सगळ्यात आधी किती रुंद पट्टी कापली गेलीय ते काढू. त्याच फोटोत वर सूचनेची ओळ आहे आणि ती "…लील समीकरणे सोडवा" अशी सुरू होते. गेलंय ते "खा". हरवलेला शब्द आपल्याला ठाऊक आहे, म्हणून पट्टीची रुंदी मिळाली: समासापासून पुढे सुमारे एका अक्षराएवढी. समीकरणाच्या ओळीत तेवढ्या जागेत गणिताचा क्रमांक आणि कंस बसतो. मग समीकरणाचं स्वतःचं गेलं असेल तर फार तर एखादं अक्षर. अपूर्णांकाच्या डावीकडे आणखी एखादं पूर्ण पद, उदाहरणार्थ x − असं काही होतं, ही शंका यातून मिटते. त्याला जागाच नाही. कापलेल्या फोटोत शब्दांची ओळ असेल तर गणिताच्या आधी तिच्याकडे बघायची सवय ठेवा. गणितातलं चिन्ह हरवलं तर काय हरवलं ते कळत नाही, शब्दातलं अक्षर हरवलं तर बहुधा कळतं.

पुढचा पुरावा रेघेचाच आहे. छापील अपूर्णांकात अंश आणि छेद दोन्ही रेघेच्या मध्यावर बसवलेले असतात आणि रेघ त्यांतल्या जास्त रुंद भागाएवढी असते. इथे अंश म्हणजे एकटा 6, तो पूर्ण दिसतोय, तेव्हा रुंद भाग छेदच. रेघेचं उजवं टोकही दिसतंय. मग 6 च्या मध्यापासून रेघेच्या उजव्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. ती झाली रेघेची पूर्ण लांबी, म्हणजेच छेदाची पूर्ण रुंदी. छेदाचा डावा भाग न बघता तो किती रुंद होता हे कळलं.

याची पट्टीशिवायही एक सोपी खूण आहे. १० पॉइंटच्या टंकात x ची रुंदी सुमारे ५.७ पॉइंट, + ची ७.८, 1 ची ५, आणि + च्या दोन्ही बाजूंना २.२. x + 1 ची एकूण रुंदी साधारण २२.९ पॉइंट, तिचा मध्य उजव्या टोकापासून ११.४ वर. अधिक चिन्हाचा स्वतःचा मध्य उजव्या टोकापासून ११.१ वर येतो. म्हणजे छेद x + 1 असेल तर वरचा 6 जवळजवळ नेमका अधिक चिन्हाच्या उभ्या दांड्यावर येणार. छेद 2x + 1 असेल तर रुंदी २७.९ होते, मध्य उजव्या टोकापासून जवळपास १४ वर सरकतो आणि 6 अधिक चिन्हाच्या डाव्या टोकावर जाऊन बसतो. तुमच्या फोटोत 6 च्या मध्यातून सरळ खाली रेघ काढा. ती + च्या उभ्या दांड्यावरून जाते.

x² + 1 चं काय? त्याची रुंदी २७.४, म्हणजे 2x + 1 पेक्षा अर्ध्या पॉइंटचाच फरक. नुसत्या रुंदीवरून या दोघांत निवड करता येणार नाही, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढच्या वेळी नेमका असाच पेच येईल. तेव्हा + च्या लगेच डावीकडे बघायचं. x² असेल तर तिथे खालच्या पातळीवर मोकळी जागा आणि वर लहान 2 दिसेल. 2x असेल तर नेहमीच्या अंतरावर x येईल. तुमच्या फोटोत कडेला चिकटून x च्या उजव्या पायाचा छोटा वळसा शिल्लक आहे आणि तो + पासून नेहमीच्याच अंतरावर आहे. म्हणजे x वर घातांक नाही, आणि 6 च्या जागेवरून x च्या डावीकडेही काही नाही. छेद x + 1.

मी "जवळजवळ पूर्ण" खात्री म्हटलं, कारण इथे पहिल्या गणितासारखं उत्तर हाताशी नाही. सगळा भार मापांवर आहे. अंश रेघेच्या मध्यावर असतो हे छापील गणितातच गृहीत धरता येतं. हाताने लिहिताना बरेच जण अंश डावीकडून सुरू करतात किंवा आधी रेघ मारून वर जमेल तिथे आकडा टाकतात. तुमची पत्रिका हस्तलिखित असती तर 6 च्या जागेवरून मी काहीच ठरवलं नसतं.

रेघेबद्दल आणखी एक प्रसंग वारंवार येतो. रेघ कापलेली नसते, पण पुसट होऊन नाहीशी झालेली असते. ती छपाईत सुमारे ०.४ पॉइंट जाड असते, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढी, आणि फोटो लहान करून पाठवला की सगळ्यात आधी तीच जाते. मग 6 आणि x + 1 एकाखाली एक नुसते तरंगताना दिसतात. तेव्हा बरोबर चिन्हाकडे बघा. छापील ओळीत मुख्य अपूर्णांकाची रेघ = च्या दोन रेघांच्या बरोबर मधल्या पातळीवर असते. त्या पातळीच्या वर एक गोष्ट आणि खाली दुसरी असेल, तर मध्ये रेघ होती. रेघ कुठवर होती हा खरा प्रश्न उरतो, कारण 6/(x + 1) आणि 6/x + 1 यांत फरक फक्त तेवढाच. त्याचं उत्तरही पातळीतच आहे. + 1 रेघेखाली असेल तर त्या + ची आडवी रेघ = च्या मध्यापेक्षा खाली दिसेल. रेघेबाहेर असेल तर ती = च्या मध्याशी समपातळीत येईल.

समीकरण भौतिकशास्त्रातलं असेल तर एककं मदतीला येतात. s = ut + ½at या ओळीत शेवटच्या t वरचा घातांक गेला असेल तर शोधाशोध लागत नाही. डावीकडे मीटर आहेत, त्वरणाचं एकक मीटर भागिले सेकंदाचा वर्ग, तेव्हा मीटर उरण्यासाठी t चा वर्गच हवा. पण तो ½ होता की 2, हे एककं सांगू शकत नाहीत. नुसत्या संख्येला एकक नसतं, म्हणून अपूर्णांकाची रेघ फक्त संख्यांच्या मध्ये असेल तर या कसोटीवर विसंबू नका.

उत्तर लिहिताना पहिल्या ओळीत तुम्ही कुठलं समीकरण सोडवताय ते पूर्ण लिहा, कंसासकट. दुसऱ्या गणितासाठी "फोटोत डावी कड कापलेली असल्याने छेद x + 1 असा वाचला आहे" एवढं वाक्य पुरे. तपासणाऱ्याकडे मूळ पत्रिका असेलच, वाचन चुकलं असलं तरी तुमची रीत त्याला तपासता येईल. आणि मैत्रिणीला त्या दुसऱ्या गणिताचं उत्तर तेवढं आठवतंय का, हे जरूर विचारा. ती 2 म्हणाली तर छेद x + 1 पक्का झाला. ती 1 म्हणाली, तर फोटो पुन्हा मोठा करा आणि 6 ची जागा नव्याने मोजा.